काळ्या मातीचा टॉस

इंदापूरकडच्या उसाच्या रानात पाणी तोडलं की काय होतं, हे इथल्या पोरांना सांगायची गरज नाही. पंधरा दिवसांत जमिनीला भेगा पडतात, आणि उन्हाळ्यात तर त्यात अख्खा हात जातो. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. क्रिकेटची खेळपट्टी हा असाच वीस मीटर लांबीचा मातीचा तुकडा असतो, फक्त पाणी मारून आणि रोलर फिरवून घट्ट बसवलेला. यंदा पहिल्यांदाच कसोटी मालिका बघायला बसलेल्यांनी एवढं डोक्यात ठेवलं, तर टॉसच्या वेळी कॅमेरा पिचवर का फिरवतात ते कळेल.

पिचवर थोडं गवत ठेवलं आणि आत ओल असली, तर चेंडू शिवणीवर पडून वळतो आणि फास्ट बोलर खूश. गवत काढून पिच कोरडं ठेवलं, तर वरचा थर सुटायला लागतो, बोलरच्या बुटांनी खड्डे पडतात आणि स्पिनरचं राज्य येतं. घट्ट आणि सपाट पिचवर बॅट्समन मजेत. लाल मातीत उसळी जास्त, काळ्या मातीत चेंडू संथ येतो आणि खाली राहतो, असा साधारण हिशेब. पण हे कागदावरचे प्रकार. पाऊस, ऊन आणि क्युरेटरचा हात यांनी एकाच मैदानाचा स्वभाव बदलतो.

आपल्या गहुंज्याचंच बघा ना. फेब्रुवारी २०१६ मध्ये श्रीलंकेने टॉस जिंकून आधी बोलिंग घेतली आणि हिरव्या पिचवर टी-२०त भारत १०१ वर आटोपला. वर्षभराने तिथेच ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीला पिच इतकं कोरडं की पहिल्या दिवसापासून धूळ. ऑस्ट्रेलियाने टॉस जिंकला, बॅटिंग घेतली आणि २६० केल्या. भारत १०५ आणि १०७. सामना तिसऱ्या दिवशीच संपला, ३३३ धावांनी हरलो आणि आयसीसीने पिचला ‘खराब’ शेरा दिला. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावा देऊन सहा-सहा बळी घेतले. गंमत म्हणजे पिच फिरकीचं असावं असं साधारणतः यजमानांनाच वाटतं. पण चेंडू इतका वळायला लागला की साधा स्पिनरही भारी ठरतो, आणि आपल्या चांगल्या स्पिनरचा फायदा उरत नाही.

आता टॉस. कोरड्या पिचवर तो एवढा महत्त्वाचा का? कारण पिच दर दिवशी झिजतं. पहिल्यांदा बॅटिंग करणाऱ्याला ते सगळ्यात चांगल्या अवस्थेत मिळतं, शेवटच्या डावात खेळणाऱ्याला सगळ्यात वाईट. ऑक्टोबर २०२४ मध्ये गहुंज्याला काळ्या मातीचं पिच होतं. न्यूझीलंडने टॉस जिंकून बॅटिंग घेतली. वॉशिंग्टन सुंदरने सात बळी घेतले, तरी त्यांच्या २५९ झाल्या, आणि चारही डावांत तोच सगळ्यात मोठा स्कोअर ठरला. सँटनरने दोन डावांत मिळून १३ बळी घेतले. भारत ११३ धावांनी हरला आणि २०१२ नंतर पहिल्यांदाच घरची कसोटी मालिका गेली.

पण सगळं टॉसवर ढकलू नका. त्याच सामन्यात कोहली पहिल्या डावात १ वर आऊट झाला तो फुलटॉसवर. फुलटॉस पिचला लागतच नाही, मग पिचला दोष कसा द्यायचा? शेवटच्या डावात त्याच पिचवर जैस्वालने ७७ काढल्या.

आणि त्याआधीच्या आठवड्यातली बेंगळुरूची कसोटी तर टॉसचा उलटा धडा आहे. पहिला दिवस पावसात गेला, पिच झाकलेलं, आकाश ढगाळ. तरी भारताने टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि ४६ वर ऑलआऊट! रोहित शर्माने नंतर कबूल केलं की पिच ओळखण्यात चूक झाली. दुसऱ्या डावात भारताने ४६२ केल्या, तोवर फार उशीर झाला होता. थोडक्यात, नाणं फक्त निवड देतं. ती बरोबर करायची तर आदल्या दिवसापर्यंतचा पाऊस, ऊन आणि माती वाचता आली पाहिजे.

टी-२०त रात्रीचा सामना असेल तर वेगळाच पाहुणा येतो, दव. चेंडू ओला झाला की स्पिनरच्या बोटांतून निसटतो, म्हणून तिथे कॅप्टन बऱ्याचदा आधी बोलिंग घेतात.

पुढची कसोटी बघाल तेव्हा टॉसआधी पिचचा रंग बघा. हिरवट दिसतंय की भाकरीसारखं फिकट? मग पहिल्या तासात स्पिनरचा चेंडू टप्पा घेताना धूळ उडते का ते बघा. पहिल्याच दिवशी उडाली, तर चौथ्या डावात बॅटिंग करणाऱ्या टीमवर पैज लावू नका, चहाचीसुद्धा.