जनाबाईंना मात्रांचे माप कशाला?

गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांत मात्रा जुळत नाहीत, हा एका पत्रलेखकाचा आक्षेप चुकीच्या मापावर उभा आहे. थोरला अभंग अक्षरछंदात असून त्याच्या चरणांत सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरेच मोजली जातात. ‘उखळ मुसळ’ आणि ‘गोदेचिया काठी’ यांत अक्षरे सहा-सहाच, पण लघूची एक व गुरूच्या दोन धरल्यास मात्रा सहा आणि अकरा भरतात. तरी संथ चालीत प्रत्येक अक्षर सारखे लांबवले जात असल्याने दोन्ही बसतात. जिथे ऱ्हस्वदीर्घ जसेच्या तसे राखून आठ मात्रांच्या केरव्यात म्हणायचे असते, तिथे मात्र मात्रावृत्तच सोयीचे, कारण ‘वारा वाहे’ आणि ‘सळसळ वाहे’ यांत अक्षरे चार आणि सहा असली तरी मात्रा आठच. ‘उखळ’मधला ‘उ’ ताणल्यावर खटकतो का, एवढे गुणगुणून पाहिले असते तर आक्षेप उरला नसता.

— एक वाचक, परभणी