रबरी चेंडूने उघडा घड्याळ!

दोस्तांनो, आजोबांना विचारून त्यांचं मनगटी घड्याळ पालथं करा. झाकणाच्या कडेने खाचा दिसतात? मग ते आट्यांचं झाकण. खाचांऐवजी नख शिरेल एवढी एकच फट असेल, तर ते दाबून बसवलेलं. तिथं आपली युक्ती चालायची नाही!

घड्याळजी खाचांत पान्याची टोकं अडकवतात. पण टोक निसटलं की कायमचा ओरखडा! म्हणून आपण मऊ, गुळगुळीत रबरी चेंडू घ्यायचा. (टेनिसचा नको, त्याची लव घसरते.) झाकण आणि चेंडू कोरड्या फडक्याने पुसा, कारण बोटांचा तेलकटपणा राहिला तर पकड बसत नाही. घड्याळ घडी केलेल्या रुमालावर घट्ट धरा, चेंडू वरून जोराने दाबा आणि काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. नुसताच घसरतोय? झाकण मळाने किंवा गंजाने धरलंय. हट्ट सोडा, पानेवाल्या घड्याळजींकडे जा.

निघालं? आत बोट घालू नका! कडेचं बारीक रबरी कडं तेवढं पाहा. ते चिरलेलं असेल तर पाणी शिरणारच.

लावताना झाकण आधी किंचित उलटं फिरवा. ‘टक्’ असं बोटांना जाणवलं की आटे जुळले. मग सुलट फिरवा, शेवटचा पीळ चेंडूने.