विसात तीन खराब निघाले तर?

बेळगावात राहणाऱ्याला फाउंड्री म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उद्यमबागेत कुणाचा तरी काका, कुणाचा तरी मामा असतोच. म्हणून या वेळचं उदाहरण ओतकामातलंच घेतो.

समजा, एका कारखान्यात पंपाची कास्टिंग ओतली जातात आणि घेणाऱ्याशी ठरलंय की शंभरात पाचपर्यंत सदोष निघाली तर चालतील. मोठा लॉट येतो. तपासणारा त्यातली 20 कास्टिंग कशीही, न निवडता उचलतो. तीन खराब निघतात. शंभरात पाच म्हणजे विसात एक, आणि इथे तर तीन! लॉट परत पाठवायचा का?

खरा प्रश्न असा आहे: माल ठरल्याप्रमाणे पाच टक्केवालाच असेल, तरी निव्वळ योगायोगाने विसात किमान तीन खराब निघण्याची शक्यता किती?

एक्सेलमध्ये यासाठी BINOM.DIST हे फंक्शन आहे. त्याला चार गोष्टी द्यायच्या: खराब नग किती, एकूण नग किती, एक नग खराब असण्याची शक्यता किती, आणि शेवटी TRUE किंवा FALSE. FALSE दिलं तर बरोबर तेवढेच नग खराब निघण्याची शक्यता मिळते. TRUE दिलं तर शून्यापासून त्या आकड्यापर्यंतची सगळी बेरीज मिळते, तो आकडा धरून.

गोची इथेच होते. आपल्याला "तीन किंवा जास्त" हवंय आणि फंक्शन "इतके किंवा कमी" सांगतं. म्हणून एकातून वजा करायचं. घाईत बहुतेक जण असं लिहितात:

```
=1-BINOM.DIST(3,20,0.05,TRUE)
```

उत्तर येतं 0.016. पण या बेरजेत तीन खराब असण्याची शक्यताही आली आणि आपण तीही वजा करून टाकली. हे उत्तर "चार किंवा जास्त"चं झालं. तीन ठेवायचे असतील तर दोनपर्यंतचंच वजा करायला हवं:

```
=1-BINOM.DIST(2,20,0.05,TRUE)
```

आता उत्तर 0.075. हातानेही पडताळता येतं: एकही खराब नसण्याची शक्यता 0.358, एक असण्याची 0.377, दोन असण्याची 0.189. बेरीज जवळजवळ 0.925, उरले 0.075. (आम्ही प्रोग्रॅमवाले `<` आणि `<=` यांच्यावरून रोज डोकं फोडतो, हा त्यांचाच भाऊ.)

एका आकड्याने काय बिघडतं? पहिलं उत्तर म्हणतं, असं साठेक वेळांत एकदा घडेल, म्हणजे माल नक्कीच बिघडलाय. दुसरं म्हणतं, तेराएक वेळांत एकदा घडेल. पहिल्या आकड्यावर माणूस लॉट परत पाठवेल आणि ओतणाऱ्याची मजुरी कापेल. दुसऱ्यावर तो आणखी 20 नग उचलून बघेल. मला तर दुसरंच शहाणपणाचं वाटतं.

त्यात असे लॉट महिन्याला वीस येत असतील तर? प्रत्येक लॉटमध्ये तीनपेक्षा कमी खराब निघण्याची शक्यता 0.925. वीसही लॉट तसेच निघण्याची शक्यता 0.925 चा विसावा घात, म्हणजे साधारण 0.21. याचा अर्थ, माल अगदी ठरल्याप्रमाणे असला तरी महिन्यात कधी ना कधी असा लॉट दिसण्याची शक्यता 79 टक्के! त्या एका लॉटवरून कारखान्याला चोर ठरवणं हिशोबात बसत नाही.

पण या गणिताची एक अट आहे. एक नग खराब निघाला म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलता कामा नये. ओतकामात हे नेहमी खरं नसतं. एखाद्या वेळी रस थोडा थंड झाला की त्याच लॅडलमधून भरलेल्या ओळीने पाच-सहा साच्यांत दोष येतो आणि बाकीचा लॉट स्वच्छ असतो. अशा वेळी खराब नग घोळक्याने येतात. पाच टक्क्यांची सरासरी तीच राहते, पण लॉट एकतर अगदी चांगला निघतो नाहीतर फारच वाईट, आणि 0.075 हा आकडा भरवशाचा राहत नाही.

हे ओळखायला आणखी एखादं फंक्शन लागत नाही. खराब निघालेल्या तिन्ही कास्टिंगवरचा हीट नंबर बघायचा. तिन्हींवर वेगवेगळे नंबर असतील तर योगायोग म्हणायला जागा आहे. तिन्हींवर एकच असेल, तर तो लॉट बाजूला ठेवून त्या हीटचा उरलेला सगळा माल एकेक करून तपासायचा.