फी तारखेची की सुनावणीची?

ग्राहक आयोगाची नोटीस हाती पडली की आपले व्यवसायबंधू प्रथम वकील शोधतात. ते स्वाभाविकच आहे. लेखी उत्तर ३० दिवसांत द्यावयाचे असते आणि आयोगाने मुदत वाढविली तरी ती १५ दिवसांहून अधिक वाढत नाही. या घाईत वकीलपत्रावर सही होते, काही रक्कम हाती दिली जाते आणि 'पुढचे पुढे पाहू' असे ठरते. परंतु वकीलपत्र म्हणजे केवळ आपल्या वतीने उभे राहण्याचा अधिकार. फी किती, कोणत्या कामाची आणि केव्हा देय, हे त्यात सहसा नसते. त्यासाठी स्वतंत्र नियुक्तिपत्र हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिलसुखनगर परिसरातील लहान रुग्णालयांच्या चालकांना हे मागणे अवघडल्यासारखे वाटते. पण आपण व वकील यांच्या स्थितीत एक भेद आहे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आली. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा त्याबाहेर ठेवली. तेव्हा वकिलाशी फीवरून मतभेद झाल्यास ग्राहक आयोगाचे दार आपल्याला उघडे नाही. उरते ते दिवाणी न्यायालय किंवा वकील परिषद, आणि तेथेही आधार कागदाचाच.

आता पत्रात काय असावे? आपण फीचा आकडा पाहतो. मला त्या आकड्याशेजारचा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. 'प्रत्येक तारखेस ३,००० रुपये' हे वाक्य निरुपद्रवी दिसते. समजा, दोन वर्षांत २४ तारखा पडल्या. त्यांपैकी १५ वेळा समोरचा पक्ष गैरहजर राहिला, पीठ बसले नाही किंवा मुदत मागितली गेली. प्रत्यक्ष काम झाले ते ९ तारखांना. पत्रातील शब्दानुसार देणे ७२,००० रुपये होते. तेथे 'प्रभावी सुनावणी' असा शब्द असता तर ते २७,००० झाले असते. अर्थात वकिलाचा अर्धा दिवस तारीख तहकूब झाली तरी जातोच. तो फुकट मागणे मला न्याय्य वाटत नाही. म्हणून तहकूब तारखेस ५०० रुपये धरले, तर एकूण ३४,५०० होतात. मात्र तहकुबी आपल्याच वकिलाने स्वतःच्या सोयीसाठी मागितली असेल, तर त्या दिवसाची फी नाही, हेही लिहावे. पत्र बहुधा इंग्रजीत असते. त्याचा आशय असा असावा:

'ज्या तारखेस पुरावा, उलटतपासणी किंवा युक्तिवाद प्रत्यक्ष झाला, ती प्रभावी सुनावणी. तिची फी ३,००० रुपये. अन्य कारणाने तहकूब झालेल्या तारखेची ५०० रुपये. बिलात तारीख व त्या दिवशी झालेले काम नमूद असेल. बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम देय. एखाद्या बाबीवर हरकत असल्यास तेवढीच बाब रोखून उर्वरित रक्कम दिली जाईल.'

शेवटचे वाक्य वगळू नये. ते नसले की एका झेरॉक्सच्या बिलावरून सारे बिल अडते आणि युक्तिवादाच्या आदल्या दिवशी वकील व अशील यांच्यात अबोला सुरू होतो. आपण बालकाच्या औषधाची मात्रा 'थोडीशी' असे लिहीत नाही. 'इतर खर्च वेळोवेळी' हे शब्दही तसेच संदिग्ध आहेत. टंकलेखन, प्रती, प्रवास यांना मर्यादा घालावी आणि तिच्यावरील खर्चास, विशेषतः ज्येष्ठ वकील नेमण्यास, आपली लेखी पूर्वसंमती असावी.

'जिंकलो तर अमुक टक्के' हे मात्र कदापि लिहू नये. वकील परिषदेचे नियम निकालावर अवलंबून असलेल्या फीला मनाई करतात. तेलंगणातीलच एका प्रकरणात अपघातात पती गमावलेल्या स्त्रीकडे वकिलाने नुकसानभरपाईच्या १६ टक्के फी मागितली आणि ३ लाखांचा धनादेश घेतला. तो न वटल्याने तिच्यावर फौजदारी तक्रार झाली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि अशी टक्केवारी बेकायदेशीर ठरविली. 'दावा फेटाळल्यास बक्षीस' हाही त्याच जातीचा करार. रुग्णालयाच्या मानांकनासाठी नेमलेला सल्लागार वकील नसतो, त्यामुळे त्याला हा नियम लागू नाही. त्याचा अखेरचा हप्ता मानांकन मिळण्याशी जोडता येतो.

शेवटचा प्रश्न वकील बदलण्याचा. त्या टप्प्यापर्यंत झालेल्या कामाचीच फी देय राहील आणि सर्व मूळ कागद सात दिवसांत परत मिळतील, असे लिहून घ्यावे. थकीत फीसाठी वकिलाला अशिलाची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. तरीही मुदत लिहिलेली बरी, कारण रुग्णाचे मूळ केसपेपर त्या फाईलमध्ये असतात आणि पुढील तारीख आपल्यासाठी थांबत नाही. शक्य असल्यास मूळ कागद आपल्यापाशी ठेवून वकिलास प्रतीच द्याव्यात.