ग्रामसभेच्या प्रोसिडिंगचं एक पान गायब: मंजूर काय झालं आणि अधांतरी काय राहिलं?

ग्रामसभा झाली की दोन-चार दिवसांत गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रोसिडिंगचे फोटो येतात. कुणीतरी घाईत काढलेले असतात. एखादं पान राहून जातं, एखाद्याचा खालचा भाग कापला जातो. मग तेवढ्यावरूनच कुणीतरी चार ओळींचा सारांश लिहितो, "घरकुल यादी मंजूर, टाकी शाळेमागे होणार". गावात तीच बातमी फिरते आणि भांडणं तिथूनच लागतात. जो निर्णय कागदावर दिसतच नाही, तो झाला असं धरलं जातं.

यामागचं कारण इतिवृत्ताच्या मांडणीतच आहे. प्रत्येक विषयाला आधी विषय क्रमांक असतो, मग चर्चा, मग ठरावाचा मजकूर. सूचक, अनुमोदक आणि "सर्वानुमते मंजूर" किंवा "बहुमताने मंजूर" हे शब्द अगदी शेवटी येतात. म्हणजे पानाचा खालचा भाग कापला गेला की चर्चा हातात राहते आणि निर्णय नेमका निघून जातो.

सहा पानं, पाच फोटो

उदाहरण म्हणून एक गाव धरू. सभा १५ ऑगस्टची. ग्रुपवर पाच फोटो आले. रजिस्टरवर छापलेले पान क्रमांक पाहिले तर ६१, ६२, ६३, ६५ आणि ६६. म्हणजे ६४ नंबरचं पान आलेलंच नाही. शिवाय ६५ व्या पानाच्या तळाच्या ओळी फोटोत नाहीत. सभेच्या नोटिशीत पाच विषय होते आणि शेवटी ऐनवेळचे विषय.

पान ६१ पूर्ण आहे. हजेरी ११८ लिहिली आहे. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. त्यामुळे सभा वैध झाली, हे नक्की. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं, हेही याच पानावर आहे.

पान ६२ वर विषय २ आहे: स्मशानभूमीच्या रस्त्याचं मुरमीकरण गावच्या विकास आराखड्यात घेणे. सूचक, अनुमोदक, "सर्वानुमते मंजूर" सगळं दिसतं. हा विषय ६३ व्या पानाच्या वरच्या भागात संपतो. हा ठराव झाला, यात शंका नाही.

खरा गोंधळ ६४ व्या पानाचा

पान ६३ च्या खालच्या भागात विषय ३ सुरू होतो: घरकुलासाठी आलेल्या अर्जदारांची यादी वाचून दाखवली, तीन नावांवर हरकत आली. पान इथेच संपतं. पुढचा फोटो थेट ६५ चा. त्याची पहिली ओळ अशी: "वगळून उर्वरित यादीस मंजुरी देण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर." त्याखाली लगेच विषय ५ सुरू होतो.

दोन्ही फोटो एकापाठोपाठ वाचले की वाटतं, तीन नावं वगळली आणि घरकुल यादी मंजूर झाली. ग्रुपवर हेच लिहिलं जातं. पण मधला विषय ४ कुठे गेला? नोटिशीत विषय ४ होता रोजगार हमीतून सिंचन विहिरीचे लाभार्थी निवडणे. तीसुद्धा यादीच. म्हणजे "वगळून उर्वरित यादीस मंजुरी" ही ओळ विहिरींच्या यादीची असण्याचीच शक्यता जास्त आहे, कारण ती विषय ५ च्या अगदी वर आहे. घरकुलाचा निर्णय मग ६४ व्या पानावर कुठेतरी असेल. तिथे हरकती फेटाळल्या असतील, मान्य केल्या असतील किंवा विषय पुढच्या सभेवर ढकलला असेल.

ज्या तीन घरांवर हरकत आली, त्यांच्यासाठी हा फरक छोटा नाही. "तुमचं नाव कटलं" असं ऐकून एखादा माणूस पाठपुरावाच सोडून देतो.

अर्धवट मतदान

विषय ५ पाण्याच्या टाकीच्या जागेचा. शाळेमागची जागा घ्यावी असा ठराव मांडला आणि मतदान घेतलं. पानाच्या शेवटची दिसणारी ओळ: "बाजूने ४८, विरोधात". पुढचं कापलेलं. पान ६६ वर थेट ऐनवेळचे विषय आहेत. ४८ मतं मोठी वाटतात, पण हजेरी ११८ ची होती. उरलेल्या ७० जणांपैकी किती विरोधात गेले आणि किती गप्प बसले, हे कळत नाही. त्यामुळे ठराव पास झाला असंही म्हणता येत नाही, फेटाळला असंही नाही.

पान ६६ वर शाळेजवळच्या पथदिव्याचा ठराव पूर्ण आहे, खाली सरपंच आणि सचिवांच्या सह्या आहेत. पण शेवटच्या पानावरच्या सह्यांवरून मधल्या न दिसलेल्या पानावर काय आहे, हे ठरवता येत नाही.

मग सारांश कसा लिहायचा?

असा सारांश तीन भागांत लिहिला की कुणाची दिशाभूल होत नाही:

*नक्की झालेले:* मागील इतिवृत्त कायम (पान ६१). स्मशानभूमी रस्ता आराखड्यात (पान ६२-६३). पथदिवा (पान ६६).

*चर्चा दिसते, निर्णय दिसत नाही:* घरकुल यादी, तीन नावांवर हरकत (पान ६४ मिळालेलं नाही). टाकीची जागा, बाजूने ४८, विरोधी मतं कापली गेली (पान ६५).

*कोणत्या विषयाचा ते नक्की नाही:* पान ६५ वरची "उर्वरित यादीस मंजुरी" ही ओळ विषय ३ ची की ४ ची, हे पान ६४ आल्यावरच कळेल.

सभेला हजर असलेला कुणी सांगत असेल की "घरकुलाचं मंजूर झालं, मी होतो तिथं", तर तेही लिहावं, पण वेगळं: "हजर असलेल्यांच्या सांगण्यानुसार". ते पहिल्या भागात टाकू नये. उद्या पंचायत समितीत तोंडी आठवण चालत नाही, ठरावाची नक्कल मागतात.

राहिलेलं पान मिळवायचं कसं?

पहिली पायरी साधी. ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, मूळ प्रोसिडिंग पाहायला मागायचं. बहुतेक वेळा फोटोच काढायचा राहिलेला असतो आणि प्रश्न तिथेच मिटतो.

टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही नाही. नकलेला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही मिळालं तर पहिलं अपील. अर्जात फक्त "पान ६४ द्या" असं लिहू नये. "१५ ऑगस्टच्या ग्रामसभेचं संपूर्ण इतिवृत्त, पान ६१ ते ६६, प्रमाणित प्रत" असं मागावं. म्हणजे सगळी पानं एका शिक्क्याखाली येतात आणि फोटोंशी ताडून पाहता येतात. रजिस्टरमध्येच ६४ नंबर नसेल, तर तेही लेखी उघड होतं.

पुढच्या ग्रामसभेचा पहिला विषय मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. हा विषय बहुतेक ठिकाणी "वाचलं असं समजा" म्हणत मिनिटात उरकतो. तिथे कुणीतरी उठून विषय ३, ४ आणि ५ चे ठराव शब्दशः वाचायला सांगितले, तर पानाचा प्रश्न सगळ्या गावासमोर सुटतो. तोपर्यंत ग्रुपवरच्या सारांशात घरकुल आणि टाकीपुढे "निर्णय अद्याप दिसलेला नाही" एवढंच लिहिणं बरोबर.