पन्नास शेअर्सचा एक झाला, पण तुमचे पैसे तिथे गेले नाहीत

मंडळी, गेल्या काही महिन्यांत इनबॉक्समध्ये एकाच प्रकारचे प्रश्न येतायत. 'अमुक कंपनी दिवाळखोरीत आहे, शेअर दोन रुपयाला मिळतोय, मोठा ग्रुप घेणार म्हणतात, घेऊ का?' किंवा, 'माझ्याकडे हजार शेअर होते, आता डीमॅटला वीसच दिसतात, ब्रोकरने घोळ केला का?' मी सल्लागार नाही, बातमीदार आहे. त्यामुळे घेऊ का, विकू का, याचं उत्तर देणार नाही. पण हजाराचे वीस कसे होतात आणि त्यात कुणाच्या वाट्याला काय येतं, हे एका खऱ्या प्रकरणाचे आकडे घेऊन सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

प्रकरण आहे इलेक्ट्रोस्टील स्टील्सचं. झारखंडमध्ये बोकारोजवळ सियालजोरीला हिचा पोलाद कारखाना. 2010 साली कंपनीने आयपीओ आणला, 11 रुपयांना शेअर दिला. पुढे कर्ज वाढत गेलं. 2017 च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने ज्या बारा मोठ्या थकबाकीदारांना दिवाळखोरी कायद्याखाली न्यायला सांगितलं, त्यात ही एक होती. स्टेट बँक कोलकात्याच्या न्यायाधिकरणात (एनसीएलटी) गेली. 17 एप्रिल 2018 ला वेदांताची योजना मंजूर झाली आणि जूनमध्ये कंपनी वेदांताच्या ताब्यात आली.

बँका आणि वित्तसंस्थांचे मान्य झालेले दावे होते सुमारे 13,175 कोटींचे. वेदांताने रोख दिले 5,320 कोटी. म्हणजे रुपयामागे चाळीस पैसे. 'साठ पैसे बुडाले' एवढीच बातमी त्या वेळी बहुतेक ठिकाणी छापून आली. पण उरलेल्या रकमेचं काय झालं ते फार कमी लोकांनी वाचलं, आणि आपल्या शेअरवाल्या मित्रांचा प्रश्न नेमका तिथेच अडकलेला आहे.

उरलेल्यातलं जवळजवळ 7,399 कोटींचं कर्ज शेअरमध्ये बदललं. दहा रुपयांच्या कर्जाला दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर, असे 739.9 कोटी नवे शेअर बँकांच्या नावावर झाले. आधीचे जुने शेअर होते 240.9 कोटी. बेरीज 980.8 कोटी.

इथे जरा थांबा. कर्ज देणारा आणि शेअर घेणारा यांच्यात कायद्याने मोठा फरक केलाय. कंपनी विकली तर आधी कर्जदात्याचं पूर्ण फिटतं, मग काही उरलं तर भागधारकाला. रांगेत भागधारक सगळ्यात शेवटी. तरीही या शिल्लक तुकड्यापुरतं बँकेचे दहा रुपये आणि जुन्या भागधारकाचा एक शेअर एकाच पंगतीत येऊन बसले. म्हणजे 'बँकांनी छोट्या गुंतवणूकदाराला लुटलं' असं जे बोललं जातं, ते या प्रकरणात तरी खरं नाही. बुडालेल्या कंपनीत ज्याला कायद्याने शून्य येतं, त्याला बँकांच्या शेजारी जागा मिळाली.

आता पन्नासाचा एक का केला? उत्तर हिशोबात आहे.

वेदांताला कंपनीचे 90 टक्के हवे होते. भांडवल म्हणून ते घालणार होते 1,765 कोटींच्या आसपास (5,320 मधले उरलेले साधारण 3,555 कोटी त्याच कंपनीला कर्ज म्हणून दिले, ही गंमतही लक्षात ठेवा). शेअर दर्शनी किमतीच्या खाली देता येत नाही, असा कंपनी कायद्याचा सर्वसाधारण नियम. म्हणजे दहा रुपयांनी 1,765 कोटींचे शेअर होतात 176.5 कोटी. समोर आधीचे 980.8 कोटी उभे. मग वेदांताचा हिस्सा किती? जेमतेम 15 टक्के. एवढ्यासाठी कोण येईल?

म्हणून समोरचा ढीग लहान करायचा. आधी भांडवल कपात: दहा रुपयांची दर्शनी किंमत वीस पैशांवर आणली. मग एकत्रीकरण: वीस पैशांचे पन्नास शेअर मिळून दहा रुपयांचा एक. 980.8 कोटींचे झाले 19.6 कोटी. आता वेदांताचे 176.5 कोटी त्यात मिळवा, हिस्सा येतो बरोबर 90 टक्के. उरलेल्या 10 टक्क्यांत बँका साधारण साडेसात आणि जुने भागधारक अडीच टक्क्यांच्या आतबाहेर.

पन्नासाचा एक केल्याने तुमचा बँकांच्या तुलनेतला वाटा एका दाण्यानेही बदलला नाही, कारण त्यांचेही पन्नासाचे एक झाले. भाकरीचे आठ तुकडे केले काय नि चार केले काय, भाकरी तेवढीच. तुमचा वाटा दोनदा आटला, आणि दोन्ही वेळा कारण दुसरंच होतं. पहिल्यांदा कर्जाचे शेअर झाले तेव्हा: 100 टक्क्यांचे साडेचोवीस उरले. दुसऱ्यांदा नवा मालक दहा रुपयांच्या भावाने आत आला तेव्हा: साडेचोवीसाचे अडीच. एकत्रीकरण हे फक्त या दुसऱ्या पायरीसाठी जमीन सपाट करणं होतं. पण डीमॅटवर दिसतं तेवढं एकच, म्हणून शिव्या त्यालाच बसतात.

उलटा गैरसमजही होतो. काल दोन रुपयांचा शेअर आज शंभरला दिसतो आणि लोक पेढे वाटतात. अरे बाबा, शंभर रुपये एका शेअरचे, आणि तो तुझ्या जुन्या पन्नासांचा मिळून आहे!

आता पैशात बोलू. योजनेप्रमाणे कंपनी शेअर बाजारातून काढून घेतली आणि 2018 च्या अखेरीस बाहेर पडणाऱ्यांना वेदांताने नव्या शेअरला 9 रुपये 54 पैसे देऊ केले. 2010 ला आयपीओत कुणी 5,000 शेअर घेतले असतील तर खर्च 55,000. एकत्रीकरणानंतर राहिले 100. हातात 954 रुपये. जुन्या एका शेअरला एकोणीस पैसे.

त्याच भावाने बँकांचं पाहू. 739.9 कोटी शेअरचे झाले 14.8 कोटी, त्यांची किंमत साधारण 141 कोटी. म्हणजे 7,399 कोटींच्या कर्जाच्या बदल्यात रुपयाला दोन पैसेसुद्धा नाहीत. 'कर्जाचं भांडवलात रूपांतर' हे शब्द निवेदनात फार भारदस्त वाटतात. तिथे विचारायचा प्रश्न एवढाच, की नव्या मालकाच्या आगमनानंतर तो शेअर किती टक्के आणि त्याला गिऱ्हाईक कोण. इथे गिऱ्हाईक एकच होतं, नवा मालक.

कुणी म्हणेल, रुची सोयाचं काय? बरोबर आहे. तिथे शंभराचा एक झाला, पतंजलीने कंपनी घेतली, आणि जानेवारी 2020 मध्ये सोळा-सतरा रुपयांवर पुन्हा सुरू झालेला शेअर जूनपर्यंत पंधराशेच्या वर गेला. पण त्या वेळी लोकांच्या हातात कंपनीचा एक टक्कासुद्धा नव्हता. बाजारात माल एवढा थोडा असताना जो भाव लागतो, त्याला मी तरी भाव म्हणत नाही. आणि तिथे शेअर बाजारात राहिला, इथे तो काढून घेतला. हा फरक योजनेतच लिहिलेला असतो. तेव्हा विचारणाऱ्या मित्रांनो, एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीचं निवेदन उघडा आणि तीन शब्द शोधा: भांडवल कपात, एकत्रीकरण, डीलिस्टिंग. तिसरा दिसला तर पहिल्या दोनांचा हिशोब मांडायचीही फारशी गरज नाही. आणि योजना यायच्या आधीच दोन रुपयाला 'स्वस्त' म्हणून घेत असाल, तर कागदावर नसलेल्या गोष्टीचा भाव देताय.

इथवर बँका झाल्या, भागधारक झाले. ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो तो आता येतो. पुरवठादार. वाहतूकवाला, सुटे भाग देणारा, मशिन भाड्याने देणारा. कायद्याच्या भाषेत 'ऑपरेशनल क्रेडिटर'. इलेक्ट्रोस्टीलच्या योजनेत यांच्या दाव्यांना मिळाले शून्य. शेअरही नाही.

कारण? कायदा म्हणतो, कंपनी मोडीत विकली असती तर यांना जे मिळालं असतं, किमान तेवढं द्या. तारण असलेलं कर्जच मालमत्तेपेक्षा मोठं असेल तर मोडीत यांना काहीच येत नाही. शून्याच्या किमान शून्य. 2019 ला दुरुस्ती झाली, दोन पद्धतींनी मोजून जास्त असेल ते द्या म्हणून. पण अशा कंपनीत दुसरी पद्धतसुद्धा बहुतेकदा शून्यावरच येते.

त्यातल्या एका लघुउद्योग पुरवठादाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. लघुउद्योगांच्या थकबाकीसाठी असलेल्या परिषदेने त्याच्या बाजूने निवाडाही दिला होता, पण तो जुलै 2018 मध्ये, योजना मंजूर झाल्यावर. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने सांगितलं: योजना मंजूर झाली त्या दिवशी दावा संपला, नंतरच्या निवाड्याची वसुली होणार नाही. कायद्याच्या चौकटीत निकाल बरोबरच आहे. नवा मालक जुनी भुतं डोक्यावर घेऊन येणार नाही, आणि तो आला नाही तर कारखानाच बंद पडेल.

माझा आक्षेप चौकटीलाच आहे. भागधारकाने धोका ओळखून पैसे घातले, त्याला अडीच टक्के. बँकेने तारण घेऊन, व्याज लावून कर्ज दिलं, तिला चाळीस पैसे रोख, वर शेअर. ज्याने माल देऊन बिल पाठवलं, त्याला काही नाही, आणि हे ठरवणाऱ्या कमिटीत त्याला मतही नाही. पुरवठादारांची एकूण थकबाकी कर्जाच्या दहा टक्क्यांवर गेली तर त्यांचा प्रतिनिधी बैठकीला बसू शकतो, तोही मताशिवाय. बुडालेल्या कर्जाचे शेअर छापता येतात तर बुडालेल्या बिलांचेही छापता येतील. कागद तोच, छपाईही तीच. भागधारकाच्या अडीच टक्क्यांतला निम्मा जरी पुरवठादारांना दिला असता, तर बँकांच्या चाळीस पैशांना धक्कासुद्धा लागला नसता. कायद्याच्या रांगेतही पुरवठादार भागधारकाच्या पुढेच उभा आहे. योजनेत मात्र मागचा आत गेला आणि पुढचा दाराशीच राहिला.

आपल्या एमआयडीसीतल्या मंडळींनी एवढं तरी करावं. मोठ्या गिऱ्हाइकाची बिलं थकायला लागली की त्याच्या नावावर न्यायाधिकरणात अर्ज दाखल झालाय का ते दर आठवड्याला बघा. दाखल होऊन मंजूर झाला तर जाहीर नोटिशीतल्या मुदतीत आपला दावा भरा, पैसे येवोत न येवोत. आणि त्या तारखेनंतर दिलेल्या मालाचं बिल जुन्या थकबाकीत मिसळू देऊ नका, वेगळं पाठवा. प्रक्रिया चालू असताना कारखाना चालता ठेवायला जो माल घेतला जातो, त्याचे पैसे खर्च म्हणून सगळ्यात आधी द्यावे लागतात, बँकांच्याही आधी.