पार्सल मिळालंच नाही म्हणे!

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर अनोळखी नाव दिसलं की आपण काय करतो? बँकेला फोन लावतो, तक्रार टाकतो आणि चहा प्यायला जातो. आपल्या बाजूनं प्रकरण पाच मिनिटांत संपतं. दुसऱ्या टोकाला मात्र कुणाचा तरी अख्खा आठवडा कामाला लागतो. आज त्या दुसऱ्या टोकाबद्दल.

आमच्या थेरगावात, डांगे चौकापासून चालत दहा मिनिटांवर राहणाऱ्या एक वहिनी गोधड्या विकतात. शिवायला दोन बायका, छोटीशी वेबसाइट आणि पैसे घ्यायला पेमेंट गेटवे. एवढाच पसारा. ११ ऑगस्टला त्यांना गेटवेचा मेल आला. जूनमधल्या ४,८६० रुपयांच्या ऑर्डरवर 'चार्जबॅक' लागलाय. कारण : वस्तू मिळाली नाही. उत्तराची शेवटची तारीख १८ ऑगस्ट. आणि निकाल लागेपर्यंत तेवढी रक्कम पुढच्या पेमेंटमधून कापून ठेवणार. त्यातूनच शिवणाऱ्या बायकांची मजुरी द्यायची होती.

चार्जबॅक म्हणजे काय, तर गिऱ्हाईक तुमच्याकडे पैसे मागतच नाही. ते स्वतःच्या बँकेकडे जातं, ती बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत तुमच्या बाजूच्या बँकेकडून पैसे ओढून घेते आणि मग तुम्हाला विचारतात, 'काय म्हणणं आहे?' मुदतीत उत्तर गेलं नाही, तर तुम्हाला तक्रार मान्य आहे असं धरतात. विषय खल्लास!

मेल आल्यावर मी वहिनींना पहिलं काम सांगितलं ते असं, की त्यातल्या लिंकवर क्लिक करू नका. गेटवेच्या साइटवर नेहमीसारखं लॉगिन करून तक्रार तिथे दिसते का बघा. दिसली. मग वहिनी म्हणाल्या, "अगं, त्याच्यात काय एवढं? ओटीपी टाकूनच पैसे भरलेत त्यांनी. तेच दाखवू या की."

इथेच बहुतेक छोटे दुकानदार हरतात. ऑनलाइन कार्ड पेमेंटला जादा पडताळणी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑगस्ट २००९ पासून आहे. 'हा व्यवहार मी केलाच नाही' अशी तक्रार असेल, तर ओटीपीचा पुरावा जबरदस्त. पण इथे गिऱ्हाईक म्हणतंय, पैसे दिले, माल आला नाही. मग ओटीपी दाखवून काय सिद्ध होणार? पैसे दिले एवढंच. ते तर तेही म्हणतायत! प्रत्येक तक्रारीला एक ठरलेलं कारण असतं आणि बँकेतला माणूस फाइल उघडतो ती तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला. व्हिसाच्या यादीत 'वस्तू मिळाली नाही' याचा नंबर १३.१. त्याचं उत्तर एकच : ठरलेल्या पत्त्यावर, अमुक तारखेला माल पोचला.

म्हणजे खरी लढाई कुरिअरच्या कागदाची. वहिनींनी ट्रॅकिंग नंबर टाकला तर साइटवर 'माहिती उपलब्ध नाही'. दोन महिने झाले होते ना! पार्सल दिलं त्या कुरिअरच्या काउंटरवर त्या पावती घेऊन गेल्या आणि पोच-पावतीची प्रत मागितली. "मिळेल, चार दिवस लागतील." मधे पंधरा ऑगस्टची सुट्टी आणि एक रविवार. सात दिवसांची मुदत अशी पाहता पाहता तीनवर येते. म्हणून कुरिअरचं काम पहिल्याच दिवशी, बाकी सगळं नंतर.

१६ तारखेला प्रत हातात आली. ९ जून, बंगळुरूचा पत्ता, सोसायटीचा शिक्का आणि वॉचमनची सही. वहिनी हिरमुसल्या. सही गिऱ्हाइकाची नाही! यावर समोरचा म्हणू शकतो, वॉचमनकडे आलं असेल, माझ्यापर्यंत नाही. मग व्हॉट्सअॅप चाळलं. १३ जूनला त्याच गिऱ्हाइकाचा मेसेज : 'निळी गोधडी मशीनमध्ये धुतली तर चालेल का?' क्या बात है! न मिळालेली गोधडी कोण धुतं? मात्र मेसेजचा नंबर ऑर्डरवर लिहिलेलाच आहे ना, हे आधी तपासलं. आणि स्क्रीनशॉट असा घेतला की नंबर आणि तारीख दोन्ही दिसतील. नाव सेव्ह केलेलं असेल तर वर नुसतं 'बंगळुरू ताई' दिसतं. त्याचा बँकेला उपयोग शून्य.

पाठवायला वहिनींनी अठरा फाइली काढल्या होत्या. पॅकिंगचे फोटो, ओटीपीची नोंद, दुसऱ्या गिऱ्हाइकांची कौतुकं. मी चारच ठेवल्या. ऑर्डरची पावती पत्त्यासकट, कुरिअरला पार्सल दिल्याची पावती, पोच-पावती आणि धुण्याचा मेसेज. चारही तारखेच्या क्रमानं एकाच पीडीएफमध्ये. वर इंग्रजीत पाच वाक्यांचं पत्र : ४ जूनला ऑर्डर, ६ जूनला पार्सल दिलं, ९ जूनला त्याच पत्त्यावर पोचलं, १३ जूनला गिऱ्हाइकानं ते वापरण्याबद्दल विचारलं, सबब तक्रार अमान्य करावी. 'आमच्यासारख्या गरीब उद्योजकांवर अन्याय' वगैरे काही नाही. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत चारही तारखा जुळताना दिसल्या पाहिजेत.

मधे वहिनींनी गिऱ्हाइकाला फोनही केला. भांडायला नाही, विचारायला. उलगडा झाला! ऑर्डर ताईंची, कार्ड त्यांच्या मिस्टरांचं. स्टेटमेंटवर वेबसाइटचं नाव नव्हतं, वहिनींच्या फर्मचं नोंदणीचं नाव होतं. मिस्टर म्हणाले, 'यांच्याकडून काही आलेलं नाही', आणि तेच कारण टिकलं. ताई बिचाऱ्या ओशाळल्या. म्हणाल्या, "मी बँकेला मागे घ्यायला सांगते."

सांगू देत की! पण त्या भरवशावर आपलं उत्तर थांबवायचं नाही. तिकडची बँक कधी नोंद घेईल सांगता येत नाही आणि इकडची घड्याळं थांबत नाहीत. ताईंनी बँकेला लिहिलेल्या मेलची प्रत मागून घेतली, ती पाचवी फाइल झाली. आणि हो, तक्रार चालू असताना वेगळे पैसे परत करायचे नाहीत. नाहीतर एकदा बँकेमार्फत आणि एकदा तुमच्या हातानं, असे दोनदा जातात. माल खरंच पोचला नसेल, तर तक्रार मान्य करून मोकळं व्हावं.

१७ तारखेला रात्री सगळं अपलोड झालं. अपलोड झालेली फाइल पुन्हा उघडून पाहिली आणि 'उत्तर सादर' असं आलेलं पानही जपून ठेवलं. महिन्याभरानं ४,८६० रुपये परत जमा झाले. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही. समोरची बँक पुन्हा नाही म्हणू शकते आणि मग प्रकरण व्हिसाच्या लवादाकडे गेलं, तर हरणाऱ्याला शेकडो डॉलरची फी बसते. पाच हजारांच्या गोधडीसाठी तिथवर कुणी जात नाही. म्हणजे छोट्या दुकानदाराला खरी संधी एकदाच, या पहिल्या उत्तरात.

वहिनींनी आता दोन गोष्टी बदलल्यात. पावतीवर आणि मेलमध्ये 'स्टेटमेंटवर आमचं नाव असं दिसेल' ही ओळ टाकलीय. आणि पोच-पावतीची प्रत पार्सल पोचल्याच्या आठवड्यातच मागून ठेवतात, कारण अशी तक्रार करायला व्हिसाच्या नियमात साधारण १२० दिवस मिळतात. कुरिअरच्या साइटची आठवण एवढी लांब नसते.

आणि आपण, म्हणजे स्टेटमेंट बघून फोन फिरवणाऱ्यांनी? आधी घरात एकदा विचारावं, 'गोधडी कुणी मागवली होती का?'